तार जवळ आणली की खांबाखालचा दाब वाढतो

«गच्चीवरच्या खांबाला एक स्टे वायर मारली की वाऱ्याचा सगळा जोर तार घेते, पायावर फक्त खांबाचे वजन उरते, म्हणून तार खांबाच्या जवळच बांधावी, जागा वाचते.»

हा समज तपासायला ऐरोलीतील आमच्या गच्चीवरचा खांबच उदाहरणाला घेतो. उंची 6 मीटर, वजन सुमारे 40 किलो, तार 5 मीटरवर अडकवलेली आणि तळ बिजागरीचा, म्हणजे वाकण्याला विरोध न करणारा. खाडीकडून येणारा वारा शेंड्यावर 1 किलोन्यूटन, म्हणजे साधारण 100 किलो वजनाइतका, आडवा जोर लावतो असे धरू.

बुंध्याभोवती वाऱ्याचे घूर्ण, म्हणजे खांब फिरवून पाडू पाहणारा परिणाम, जोर गुणिले उंची, 1 × 6, म्हणजे 6 किलोन्यूटन-मीटर होते. ते तारेच्या आडव्या ओढीने, 5 मीटर उंचीवरून, तोलायचे असल्याने ही ओढ 1.2 किलोन्यूटन भरते, आणि तारेचे खालचे टोक स्लॅबला धरणारा अँकर कुठेही ठोकला तरी ती बदलत नाही. बदलते ती तिच्याबरोबर येणारी खालची ओढ. अँकर बुंध्यापासून 5 मीटरवर असेल तर तार 45 अंशांत राहते, खालची ओढही 1.2 होते आणि तारेतील ताण सुमारे 1.7 किलोन्यूटन. जागा वाचवण्यासाठी तोच अँकर सव्वा मीटरवर आणला, की खालची ओढ चौपट, 4.8 होते आणि ताण 4.95 वर जातो. खांबाचे वजन जेमतेम 0.4 किलोन्यूटन असताना बेस प्लेटवर 5.2 किलोन्यूटन दाब येतो, आणि खालच्या ओढीइतक्याच 4.8 च्या जोराने अँकर स्लॅबमधून उपसला जात असतो. आमच्याकडे हे आधी कोब्यात दिसले: बेस प्लेटच्या कडेने बारीक गोलाकार तडा, आणि अँकरच्या बोल्टभोवती पावसाळ्यात न सुकणारी ओल.

आडवा जोर सगळा तार घेते, हेही येथे खरे नाही. वारा 1 ने ढकलतो आणि तार 1.2 ने मागे ओढते, म्हणून उरलेला 0.2 तळालाच द्यावा लागतो, तोही वाऱ्याच्याच दिशेने. म्हणजे बुंधा अँकरकडे सरकू पाहतो. पाया पाहणारे बहुतेक जण नेमकी उलटी बाजू तपासतात. तळावरचा आडवा जोर शून्य होतो तो वारा आणि तार एकाच उंचीवर लागले तरच.

हे गणित वारा अँकरच्या बाजूने येतो तोवरचेच आहे. तो उलटला की तार सैल पडते, कारण तिला ढकलता येत नाही, आणि बिजागरीच्या तळाचा खांब सरळ कोसळतो. तळ घट्ट बसवलेला असेल, तर पूर्ण 6 किलोन्यूटन-मीटर घूर्ण बेस प्लेटच्या बोल्टांवर येते. म्हणून आम्ही तीन तारा, एकमेकींशी 120 अंशांत, प्रत्येकीचा अँकर 5 मीटरवर घेऊन लावून घेतल्या.