'सर, कल्चर कसं आहे?' विचारायची शास्त्रशुद्ध पद्धत

एखाद्या कंपनीत अर्ज टाकायचा विचार आहे? मग आधी आतल्या माणसाला विचारून घ्याच. कसं विचारायचं ते मी सांगतो. नुकताच मी स्वतः तो 'आतला माणूस' होऊन बसलो होतो, त्यामुळे अभ्यास ताजा आहे.

सुरुवात लिंक्डइनवर 'हाय सर' अशी करावी आणि तिथेच थांबावं. समोरचा 'बोला' म्हणाला, की दोन दिवस गायब व्हावं.

टीम कुठली, पोस्ट कुठली, हे चुकूनही सांगू नये. हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसचे सात मजले आहेत. पाचव्यावर बसणाऱ्याला दुसऱ्यावरच्या टेस्टिंगवाल्यांचं कसं चाललंय हे माहीत असायलाच हवं, नाही का? जॉब आयडी तर मुळीच देऊ नका. करिअर पेजवर 'पुणे' टाकलं की ढीगभर जागा दिसतात. त्यातली तुमच्या मनातली कुठली हे ओळखत बसण्यासाठीच आम्हाला रविवार दिलेला असतो.

'ओपनिंग आहे का?' एवढंच विचारावं. जागा नव्याने निघालीय की कुणी सोडून गेला म्हणून रिकामी आहे, हे विचारू नये. सोडून गेला असेल तर वर्षभरात त्या खुर्चीवरून उठलेला तो कितवा, हे तर नकोच. जाहिरात नुसती नियम म्हणून टाकलीय आणि आतल्याच कुणाचं नाव ठरलंय का, हेही नको. उगाच खरी माहिती मिळायची.

प्रश्न मात्र 'कल्चर कसं आहे?' हाच ठेवावा, आणि तोही लेखी. त्याला 'छान आहे' याखेरीज दुसरं उत्तर शहाणा माणूस लिहीत नाही, कारण स्क्रीनशॉट सगळ्यांना काढता येतो. 'मागच्या ऑन-कॉलच्या आठवड्यात रात्री कितीदा उठावं लागलं?' किंवा 'शेवटची सलग आठवडाभर सुट्टी कधी घेतलीत, आणि लॅपटॉप बरोबर नेला होता का?' असलं फोनवर विचारलंत तर समोरच्याला आठवून आकडा सांगावा लागेल. बिचाऱ्याला का त्रास?

रेफरल मागण्याआधी स्वतःच पोर्टलवर अर्ज टाकून मोकळं व्हावं. आमच्याकडे पहिली नोंद होईल तीच धरतात. मग मी रेफर करायला गेलो की उमेदवार आधीच नोंदलेला आहे असं सिस्टिम सांगते. तरी रोज 'सर, झालं का?' विचारत राहावं.

आता सगळ्यात मोलाचा सल्ला. आतल्या माणसाने खरं सांगितलंच, तर ते त्याच्याच मॅनेजरला जाऊन सांगावं.

आमच्याच टीममधल्या जागेसाठी विचारणाऱ्या या पठ्ठ्याला मी शनिवारी पोरीच्या चित्रकलेच्या क्लासबाहेर गाडीत बसून चाळीस मिनिटं दिली. काच वर, एसी बंद, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. म्हटलं, बाबा रे, ऑन-कॉलला आम्ही पाच जण होतो, दोघं सोडून गेले, त्यातल्याच एकाची ही जागा. पूर्वी पाळी पाचव्या आठवड्याला यायची, आता तिसऱ्याला येते. दुसरा माणूस कधी घेणार, ते नक्की विचार. अमेरिकावाल्यांचा कॉल रात्री साडेनऊला असतो. मॅनेजर माणूस चांगला आहे, पण क्लायंटला 'नाही' म्हणणं त्याला जमत नाही. हे तुझ्यापुरतं, माझं नाव कुठे घेऊ नकोस.

इंटरव्ह्यूच्या शेवटी मॅनेजरने विचारलं, 'तुमचे काही प्रश्न?' साहेब म्हणाले, 'सर, तुमच्याच टीममधले ते सांगत होते की तुम्ही क्लायंटला नाही म्हणत नाही. खरंय का?'

दुसऱ्या दिवशी मला काचेच्या केबिनमध्ये बोलावणं. 'काय रे, मी नाही म्हणत नाही का?' आवाज अगदी शांत होता. पुढच्या महिन्यात माझं अप्रेझल आहे. आणि या शहाण्याचा संध्याकाळी मेसेज, 'सर, राउंड मस्त झाला. एचआर उत्तर का देत नाही?'

अरे, अक्कल कुठे गहाण टाकली होतीस? तेच स्वतःचा प्रश्न म्हणून विचारता आलं नसतं? 'ऑन-कॉलला किती जण आहेत? ही जागा भरल्यावर पाळी कितव्या आठवड्याला येईल? रिलीजच्या आदल्या दिवशी क्लायंटने नवीन काम टाकलं तर काय करता?' मॅनेजरने स्वतःच्या तोंडाने सगळं सांगितलं असतं, आणि टाळाटाळ केली असती तर तेही तुला कळलं असतं. माझं नाव कशाला लागत होतं त्यात? तुम्हा लोकांना माहिती हवी असते, पण देणाऱ्याला त्याच ऑफिसात सोमवारी परत जायचंय हे लक्षात ठेवायला नको. आता दुसरा कुणी 'हाय सर' म्हणाला तर मीही 'कल्चर छान आहे' एवढंच लिहिणार. त्याने तीन महिन्यांचा नोटीस पिरियड भरून इथे यावं आणि ऑन-कॉलच्या पाळीत रात्री दोनला उठावं. ते तुझ्यामुळे.

नाव घेऊ नकोस म्हणून सांगितलं होतं ना? दोनदा सांगितलं होतं.