बाळंतपणाची माफी मागणारा ईमेल कायले पाठवता?

"आदरणीय सर, मी गृहिणी असून बाळ लहान असल्यामुळे तीन वर्षे घरीच होते. तरी कृपया एक संधी द्यावी, कोणतेही काम करण्यास तयार आहे." तालुक्याच्या नेट कॅफेवाल्याच्या कॉम्प्युटरात हा मजकूर कायमचा पडलेला असतो. तो फक्त नाव बदलतो, वीस रुपये घेतो आणि पाठवून देतो. जिनिंगमध्ये चार वर्षं हिशेब सांभाळलेल्या बाईचाही अर्ज असाच जातो. अवं बाई, गुन्हा केला का तू?

नागपूर-अमरावतीचा भरती करणारा माणूस ईमेल मोबाइलवर पाहतो. उघडण्याआधी त्याला विषय आणि पहिली दीड ओळ दिसते. त्या दीड ओळीत "गृहिणी" आणि "बाळ" आलं, की टॅली आणि जीएसटी खाली कितीही लिहा, तिथवर तो पोचत नाही. आणि "कोणतेही काम" या शब्दांनी तर घात होतो. त्याच्याकडे एकच जागा असते, अकाउंट्स असिस्टंटची. कोणत्याही कामाची जागा कोणाकडेच नसते.

सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते तारखांवर. समजा बाई जून २०१९ ला लागली, जानेवारी २०२३ अखेर पगारी प्रसूती रजेवर गेली आणि २६ आठवडे संपल्यावर ३१ जुलैला तिनं राजीनामा दिला. अर्जात काय लिहिते? "जानेवारी २०२३ पर्यंत काम केले." काहून? रजेवर असताना ती नोकरीतच होती! नोकरी जुलै २०२३ पर्यंत, म्हणजे चार वर्षं दोन महिने. आपल्याच हातानं सहा महिने कापून टाकले. वर पीएफच्या नोंदीत सोडल्याची तारीख जुलैची, अर्जात जानेवारीची. पडताळणीत हा फरक निघाला की संशय तिच्यावरच. रिलीव्हिंग लेटरवर जी तारीख आहे तीच लिहायची, बाळाच्या जन्माची नाही.

विषयाच्या जागी "नोकरीबाबत" लिहू नका, रिकामं तर नकोच. "अकाउंट्स असिस्टंट, जिनिंगचा ४ वर्षांचा अनुभव, १ ऑक्टोबरपासून रुजू" एवढं पुरे. आणि खाली हे:

"नमस्कार, अकाउंट्स असिस्टंटच्या जागेसाठी अर्ज करत आहे. जून २०१९ ते जुलै २०२३ मी जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात होते. कापूस खरेदीच्या पावत्या, शेतकऱ्यांची पेमेंट, टॅलीतल्या नोंदी आणि शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावरचा रिव्हर्स चार्ज हे माझं काम होतं. जीएसटीआर-१ दर महिन्याच्या ११ तारखेआधी आणि ३-बी २० तारखेआधी तयार करत होते. ऑगस्ट २०२३ पासून बाळाच्या संगोपनासाठी काम थांबवलं होतं. १ ऑक्टोबरपासून पूर्णवेळ रुजू होऊ शकते. या आठवड्यात सकाळी ११ नंतर फोनवर बोलता येईल."

ब्रेकला एक वाक्य, तेही कामाच्या खाली. "सासूबाई बाळ सांभाळतील" लिहायचं नाही. पुरुषाच्या अर्जात पोरं कोण सांभाळतं हे कोणी शोधतं का? वेळ पूर्ण देणार, एवढं त्याला कळलं की झालं.

मात्र ठणकावून लिहायचं तर तयारीही हवी, नाहीतर मुलाखतीत पहिल्याच प्रश्नाला तोंड बंद. ५ कोटींच्या वर उलाढाल असलेल्यांना ई-इनव्हॉइस १ ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं झालं, म्हणजे या बाईनं नोकरी सोडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी. मधल्या आकाराची जिनिंगही त्यात येते. विचारणारा तिथंच बोट ठेवणार. मग २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले, १२ आणि २८ टक्क्यांतला बहुतेक माल दुसरीकडे गेला. टॅलीची शिकाऊ आवृत्ती फुकट मिळते. तिच्यात महिन्याच्या ठरावीक तारखांच्याच नोंदी होतात, पण हात बसवायला तेवढं चालतं. हे केलं असेल तरच अर्जात "नवे दर आणि ई-इनव्हॉइस अभ्यासले आहेत" ही ओळ टाका. नसेल केलं तर गप राहा, खोटं टाकू नका.

आणि वेळ पाहा. जिनिंगचा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो, माणसं त्याआधी घेतली जातात. संक्रांतीला अर्ज टाकून "कोणी बोलावतच नाही" म्हणून रडायचं?

आता शेवटचा कहर. ईमेल नवऱ्याच्या आयडीवरून, बायोडाटा म्हणजे मोबाइलवर काढलेला तिरपा फोटो, फाइलचं नाव IMG_2031.jpg आणि खाली नंबरही नवऱ्याचाच. भरतीवाला अकराला फोन लावतो तेव्हा तो वावरात फवारणीवर. "हॅलो, कोण? ते घरी हाय, संध्याकाळी लावजा." संध्याकाळी कोण लावते, भाऊ?