बसच्या डावीकडची ती गॅप

सकाळपासून कॉलनीच्या ग्रुपवर तो व्हिडिओ फिरून राहिला. शहर बस चौकात डावीकडे वळून राहिली, एक पोट्टा बाईक घेऊन तिच्या अन् फूटपाथच्या मधून घुसला, बस अर्धी वळली अन् तो मागच्या चाकापाशी अडकला. ड्रायव्हरने कचकन ब्रेक मारला म्हणून पायावर निभावलं. पण डोकं फिरलं ते पुढचं पाहून. पोट्ट्याला उचलायला दोघं अन् ड्रायव्हरला कॅबिनमधून खाली ओढायला अख्खा चौक. अन् खाली कमेंट काय, तर "हे बसवाले आंधळे झाले", "आरशात पाहायला काय होते यांना". एकानेही विचारलं नाही की भाऊ, वळणाऱ्या बसच्या डावीकडे तू काऊन घुसला होतास?

माझे मोठे काका एसटीत ड्रायव्हर होते. माझी पहिली बाईक आली तेव्हा पेढे घेऊन मी डेपोत गेलो होतो, पावसाचे दिवस, यार्डात चिखल. काकांनी पेढा खाल्ला, गाडीकडे धड पाहिलं पण नाही, म्हणे थांब तिथं भिंतीपाशी. मग बस काढली अन् रिकाम्या यार्डात डावीकडे एक पूर्ण वळण मारून दाखवलं. खाली उतरले अन् चिखलातले टायरचे पट्टे दाखवले. "हे पाय, पुढचं चाक इकडून गेलं. आता मागचं कुठून गेलं ते पाय." मागच्या चाकाचा पट्टा पुढच्याच्या आत होता, अन् थोडाथोडका नाही, मी पाय टाकत मोजलं तर मधात एक बाईक अख्खी उभी राहिली असती.

ही गोष्ट शाळेतल्या भूमितीने पण निघते. बसच्या पुढच्या अन् मागच्या चाकात साधारण 6 मीटर धरा. पुढची चाकं 10 मीटर त्रिज्येच्या गोलावर फिरली तर मागची त्याच गोलावर फिरूच शकत नाहीत, ती 8 मीटरच्या गोलावर येतात, म्हणजे 2 मीटर आत. पायथागोरस लावून पाहा, 10 चा वर्ग वजा 6 चा वर्ग, 64, त्याचं मूळ 8. बाईकचं हँडल पाऊण मीटरच्या आसपास असते. मागचं चाक जे 2 मीटर खाऊन टाकते ना, तीच ती गॅप जिच्यात आपले शहाणे घुसतात. ड्रायव्हर कितीही चांगला असो, मागचं चाक आत येणारच, तो काही मुद्दाम दाबून नाही राहिला.

अन् यातली खरी मेख पुढेच आहे. मागचं चाक आत येते हे ड्रायव्हरला पक्कं माहीत असते. म्हणून डावीकडे वळायच्या आधी तो बस थोडी उजवीकडे घेतो, नाही तर मागचं चाक फूटपाथवर चढेल. आता मागून येणाऱ्या बाईकवाल्याला काय दिसते? बस हळू झाली, उजवीकडे सरकली, डावीकडे मस्त जागा मोकळी झाली. त्याला वाटते की यानं साईड दिली. साईड नाही दिली रे बाबा, तो वळायची तयारी करून राहिला!! कधी कधी इंडिकेटर चालू असतो पण पोट्टा आधीच इतका पुढे घुसलेला असतो की बसच्या मागचा इंडिकेटर त्याच्या पाठीमागे राहून जाते. तो पाहणार कुठून.

बरं, घुसला. बस वळताना ताशी 10 च्या स्पीडने चालली असं धरा, हा 20 ने. फरक 10 चा, म्हणजे सेकंदाला जेमतेम पावणेतीन मीटर. अकरा मीटरची बस पार करायला चार सेकंद पाहिजे. त्या चार सेकंदांत बस पण दहा-अकरा मीटर पुढे सरकून बरीचशी वळून गेली. म्हणजे तुम्ही मागच्या चाकाजवळून सुरू केलं तेव्हा जी जागा होती ती तुम्ही पुढच्या दरवाजापाशी पोचेपर्यंत शिल्लकच नाही. पुढे बसचं तोंड आडवं आलं, मागे मागचं चाक आत आलं, डावीकडे फूटपाथ. निघणार कुठून?

त्यात आपल्या नागपूरचे सिमेंट रोड. रोडच्या कडेला गट्टू बसवलेले, अन् सिमेंट अन् गट्टूच्या लेव्हलमध्ये किती ठिकाणी चांगली दोन-तीन बोटांची पायरी आहे. बसने दाबलं की हा डावीकडे घेते, पुढचं चाक त्या पायरीला तिरपं लागते, चढत नाही, घसरते. हळू स्पीडमध्ये बाईक तशीही डुगडुगते, हँडलला एक धक्का पुरतो. अन् गट्टूवरून घसरलेली गाडी रोडकडे पण पडू शकते, म्हणजे बसकडे.

"आरशात पाहायला काय होते" म्हणणाऱ्यांसाठी पुन्हा काकांवर येतो. त्याच दिवशी त्यांनी मला ड्रायव्हर सीटवर बसवलं, माझी बाईक घेतली अन् बसच्या डाव्या अंगाला पुढच्या दरवाजाच्या जरा मागे, बसला अगदी चिकटून उभी केली. म्हणे सांग, दिसते का? मी डावा आरसा पाहिला, मान उंच केली, वाकून पाहिलं. नवी कोरी लाल गाडी, अन् दिसून नाही राहिली. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसते, डावी बाजू त्याच्यापासून सगळ्यात लांब, खिडक्या उंच, त्यामुळे बसला चिकटून खालची जी जागा आहे ती आरसा अन् खिडकी दोन्हीतून सुटते. मग काकांनी बाईक ढकलत ढकलत पार मागे नेली, बसच्या मागून थोडी बाहेर काढली, तेव्हा कुठे आरशात हेडलाईट दिसला. अन् हे सगळं उभ्या बसमध्ये. वळताना तर बसचं तोंड डावीकडे फिरते, त्याच्यासोबत आरसा पण फिरते, मागून येणारा रोड त्यातून जवळपास निघूनच जाते. शिवाय ड्रायव्हरला त्याच वेळेस समोरचा पायदळ माणूस, उजवीकडून घुसणारा ऑटो, सिग्नल, सगळं पाहायचं असते. आधी कंडक्टर दरवाजात उभा राहून डावीकडचं ओरडून सांगायचा. आता दरवाजे बंद असतात, अन् बंद असले पाहिजेतच.

हो, मान्य आहे, काही ड्रायव्हर लोकं इंडिकेटर देत नाहीत अन् वाट्टेल तशी बस हाणतात. त्यांचं चालान कापा, माझं काही म्हणणं नाही.

आणि हे पण कबूल करतो की सिग्नलला सगळं ठप्प असताना बाईक दोन गाड्यांमधून हळूच पुढे नेणं वेगळं. मे महिन्यात 45 डिग्रीत ट्रकच्या धुराड्यामागे उभं राहा म्हणायला माझी पण जीभ धजत नाही. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स राज्याने 2014 पासून याला रीतसर परवानगीच दिली आहे, पण ताशी 30 च्या आत, अन् फूटपाथच्या कडेने नाही म्हणजे नाही. जिथे परवानगी आहे तिथेही नेमकी हीच डावीकडची फट बंद आहे. आमचे पोट्टे परदेशाचं उदाहरण देतात, अन् त्यातली अटच गाळून टाकतात.

चालत्या ट्रॅफिकमध्ये कट मारत जाणं तर त्याच्याही पुढचं. वर्धा रोडवर संध्याकाळी पाहा. गाड्या हळू चाललेल्या अन् हा त्यांच्यामधून 40 ने सापासारखा. 40 म्हणजे सेकंदाला अकरा मीटर. समोरच्या कारने लेन बदलायला नुसतं अर्धा मीटर सरकलं तरी गॅप बंद, अन् तेवढं सरकायला तिला अर्धा-एक सेकंद लागते. तुम्हाला नुसतं कळून हात ब्रेकवर जायलाच साधारण एक सेकंद. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच तुम्ही तिच्या दारावर. आणि तुम्ही मागून, अनपेक्षित बाजूने आलेले, तिने आरशात पाहिलं तेव्हा तुम्ही तिथं नव्हताच.

चालान आलं की मात्र रडारड. "मी तर फक्त गॅपमधून काढली". अरे, 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये स्पष्ट लिहून आहे की नियमाविरुद्ध ओव्हरटेक करणं हे धोकादायक ड्रायव्हिंग. पहिल्या वेळेस दंड 1000 ते 5000, नाही तर सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. अन् मूळ नियम काय, तर ओव्हरटेक उजवीकडून. पुढचा उजवीकडे वळायचा इशारा देऊन राहिला असेल तर डावीकडून जाता येते. डावीकडे वळणाऱ्या बसच्या डावीकडून जायची सूट कोणीच दिली नाही.

खरा दंड तर पुढे असते, त्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. अपघाताचा दावा न्यायाधिकरणात गेला की जखमी माणसाचा स्वतःचा वाटा किती हे पण पाहतात. समजा नुकसान 10 लाखांचं ठरलं अन् चूक 30 टक्के बाईकवाल्याची धरली, तर हातात 7 लाख. पाय गेला तो गेलाच, वरून 3 लाख त्या गॅपमध्ये गेले.

हे लिहिता लिहिता राग थोडा उतरला. व्हिडिओतल्या पोट्ट्याच्या पाठीवर डिलिव्हरीची बॅग होती, परत पाहिल्यावर लक्षात आलं. त्याच्या मोबाईलवर घड्याळ पळून राहिलं असेल, ऑर्डर देणारे आपणच, दहा मिनिटं उशीर झाला की एक स्टार देणारे पण आपणच. त्याला शिव्या देऊन काही होत नाही. पण त्या ड्रायव्हरच्या शर्टाची बाही फाटलेली दिसते त्यात, त्याचं काय? काकांना पण एकदा असंच ओढलं होतं, चूक समोरच्याची होती, कानशिलात बसलेलीच होती. काकू सांगतात, नंतर कितीतरी दिवस ते डावं वळण आलं की बस जवळपास थांबवूनच टाकायचे अन् मागचे हॉर्न वाजवत राहायचे.

तर पोट्टेहो, एवढं करा. चौकाच्या आधी बस किंवा ट्रक हळू होऊन उजवीकडे सरकला की मागच्या बंपरच्या मागेच राहा, ती वळून जाऊ द्या. आधीच बाजूला घुसून गेले असाल अन् पुढचं चाक डावीकडे मुरडलेलं दिसलं, तर रेस देऊन पुढून निघायच्या फंदात पडू नका, ब्रेक मारून मागे राहा. अन् तेवढाही टाईम नसेल तर गाडी तिथंच सोडा अन् फूटपाथवर उडी मारा. गाडीचं होईल ते होईल. नुसता थर्ड पार्टी इन्शुरन्स असेल तर गाडीचे पैसे मिळणार नाहीत, तरी सोडा.