लाल अक्षरातलं ‘पॉझिटिव्ह’: एका प्रतिक्रियेला उत्तर

“ताई, आयजीजी पॉझिटिव्ह आली तर घाबरू नका, असं तुम्ही सरळ लिहून मोकळ्या झालात. माझ्या वहिनीच्या टॉर्च रिपोर्टमध्ये टोक्सो पॉझिटिव्ह आलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि सहा महिने थांबायला सांगितलं. त्यांना काही कळत नाही का? आणि आमच्या घरी मांजरसुद्धा नाही, मग हे आलं कुठून? अर्धवट माहिती देऊन लोकांच्या जिवाशी खेळू नका.”

वहिनींचा रिपोर्ट मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्या डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. टॉर्च म्हणजे गर्भाला इजा करू शकणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी. त्या रिपोर्टमध्ये टोक्सोप्लाझ्मा या परजीवी जंतूविरुद्धच्या प्रतिपिंडांच्या दोन ओळी असतील, आयजीजी आणि आयजीएम. संसर्ग झाल्यावर आयजीएम आधी वाढते, आयजीजी मागून येते आणि टिकून राहते. यातली लाल कुठली, ते आधी बघा. फक्त आयजीजी पॉझिटिव्ह असेल, तर हा संसर्ग त्यांना पूर्वी कधीतरी होऊन गेला आहे आणि शरीराने त्याच्याशी लढायची तयारी करून ठेवली आहे. गरोदरपणाआधी हे कळणं चांगलंच. बाळाला धोका असतो तो मुख्यतः गरोदरपणात पहिल्यांदा संसर्ग झाला तर. प्रतिकारशक्ती फार खालावलेल्या बाईची गोष्ट वेगळी, तिच्यात जुना संसर्ग पुन्हा डोकं वर काढू शकतो.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. माझ्याकडे आलेली एक केस सांगते, म्हणजे मी एवढ्या ठामपणे का लिहिलं ते कळेल. वय २९, लग्नाला दोन वर्षं. टोक्सो आयजीजी भरपूर वाढलेली, आयजीएम किंचित पॉझिटिव्ह, दोन्ही आकडे लाल. दुसऱ्या डॉक्टरांकडे गोळ्यांचे दोन कोर्स झाले होते. प्रत्येक कोर्सनंतर आयजीजी पुन्हा तपासायची, ती पुन्हा पॉझिटिव्ह यायची आणि मूल पुढे ढकललं जायचं. असे सात महिने गेले. आयजीजी जन्मभर राहते. स्नायूंत सुप्त पडून राहिलेले टोक्सोचे जंतू गोळ्यांनी नाहीसे होत नाहीत, म्हणून ती ओळ निगेटिव्ह व्हायची वाट बघण्यात अर्थच नसतो.

राहिली ती किंचित पॉझिटिव्ह आयजीएम. टोक्सोची आयजीएम काही जणींत महिनोन्‌महिने, कधी वर्षाहून जास्त रेंगाळते, आणि खोटी पॉझिटिव्हही येते. अशा वेळी आयजीजीची अ‍ॅव्हिडिटी तपासतात, म्हणजे प्रतिपिंडं जंतूला किती घट्ट धरतात ते. जुनी प्रतिपिंडं घट्ट धरतात. तिची अ‍ॅव्हिडिटी ‘हाय’ आली, म्हणजे संसर्ग गेल्या तीन-चार महिन्यांतला नव्हता. विषय संपला. ‘लो’ आली असती तर मात्र ताजा संसर्ग सिद्ध झाला नसता, कारण ती कधीकधी बराच काळ कमीच राहते. मग दोन-तीन आठवड्यांनी त्याच लॅबमध्ये आकडे पुन्हा बघावे लागतात. खरोखर ताजा संसर्ग असेल, तर साधारण सहा महिने थांबायला सांगतात. वहिनींच्या बाबतीत तसंच असेल, तर त्यांचे डॉक्टर बरोबर आहेत.

त्याच कागदावर आणखी एक ओळ होती, काळ्या अक्षरात: रुबेला आयजीजी ४, निगेटिव्ह. रुबेला म्हणजे गोवरासारखं पुरळ आणणारा विषाणूचा ताप. त्यापासून संरक्षण आहे असं साधारण १० च्या पुढे धरतात. लाल नव्हती म्हणून सात महिने त्या ओळीकडे कोणाचं लक्षच गेलं नाही, आणि काही करण्यासारखं होतं ते तिथेच! गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत आईला रुबेला झाला, तर बाळाच्या डोळ्यांना, कानांना, हृदयाला इजा होण्याचा धोका फार मोठा असतो. आणि गरोदर असताना रुबेलाची लस देता येत नाही, कारण ती जिवंत विषाणूची आहे. म्हणून आधी तपासायचं. तिला एमएमआर, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाची एकत्र लस दिली, महिनाभर थांबायला सांगितलं, बस. चुकून त्या महिन्यात दिवस गेले, तरी तेवढ्यासाठी गर्भपात करायचा नसतो.

“लहानपणी सगळ्या लशी झाल्यात” यावर विसंबू नका. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाली, तीही १५ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी. त्याआधी सरकारी लसीकरणात फक्त गोवराची लस असायची. अंगावर पुरळ येऊन गेलं होतं, ही आठवणही पुरावा नाही. तसं पुरळ कितीतरी तापांत येतं.

आता मांजराचं. ते घरात असायची गरज नाही. परसात, कुंडीत, भाजीच्या वाफ्यात कुणाचंही मांजर घाण करून जातं, आणि त्यातली टोक्सोची अंडी ओल्या मातीत वर्षभरही टिकतात. कोथिंबीर, मुळा नीट न धुता खाणं, खिम्याचं मीठ कच्चं असतानाच चाखणं, मटण कापलेल्या पाटावर तसंच सॅलड चिरणं, या वाटांनी टोक्सो येतो. टोक्सोवर माणसांसाठी लस नाही, म्हणून जिची आयजीजी निगेटिव्ह असेल तिनेच हे सगळं सांभाळायचं. मांजर पाळलेलं असेल, तर त्याचा ट्रे दुसऱ्या कोणीतरी रोज साफ करावा. ताज्या विष्ठेतली अंडी संसर्ग करण्याजोगी व्हायला किमान एक दिवस लागतो.

वहिनींना टोक्सोच्या दोन्ही ओळी आणि रुबेलाची आयजीजी, सोबत लॅबने छापलेल्या मर्यादा, इथे लिहायला सांगा. टोक्सोच्या मर्यादा प्रत्येक किटच्या वेगळ्या असतात, नुसत्या आकड्यावरून मला काही सांगता येणार नाही. नाव लिहू नका.