डोळे तपासणीच्या चिठ्ठीवर सही करू नका म्हणणारा मेसेज

"शाळेच्या डोळे तपासणीच्या चिठ्ठीवर सही देऊ नका. थेंब टाकतात, मग पोराला दोन दिवस दिसत नाही. पोराला फळा दिसते ना, मग तपासणी कशाला? एकदा चष्मा लागला की नंबर वाढतच जाते."

आमच्या तालुक्यातल्या प्रत्येक गावच्या ग्रुपवर हे फिरून राहिलं, आणि ती चिठ्ठी मीच लिहिली होती, म्हणून बोलतो.

पहिले थेंबाचं. शाळेत थेंब टाकतच नाही. वरांड्यात टेपनं 6 मीटर मोजतो, भिंतीवर E चा तक्ता, एक डोळा तळहातानं झाकायचा आणि E चं तोंड कोणीकडे ते बोटानं दाखवायचं, बस. ज्याला ओळी जमल्या नाही त्याच्या घरी दुसरी चिठ्ठी जाते, ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांच्या विभागात न्या म्हणून. थेंब तिथं टाकतात, तुमच्यासमोर, कारण लहान लेकरू डोळ्याला ताण देऊन नंबर लपवते आणि थेंबानं तो ताण सैल पडते. त्यानंतर जवळचं धूसर दिसते, उन्हात डोळे दिपतात, हे खरं आहे. बहुतेक थेंबांचं एका दिवसात उतरते, अ‍ॅट्रोपिन दिलं तर आठवडा-दोन आठवडेही लागतात, म्हणून परीक्षेच्या तोंडावर नका नेऊ.

फळा दिसते म्हणता, तर मागच्या वर्षीची दुसरीतली पोट्टी सांगतो. वाचनात पुढं, अक्षर सुंदर. उजवा डोळा झाकला तशी ती बोटांच्या फटीतून पाहायला लागली, मी हात नीट धरला तर म्हणते, "सर, आता तक्ताच पुसल्यासारखा दिसते." डाव्या डोळ्याची नजर 6/24, म्हणजे चांगल्या डोळ्याला जे 24 मीटरवरून दिसते ते तिला 6 वर यावं लागे. उजवा पूर्ण चांगला, त्यामुळं घरी कोणाला कसं समजणार? त्या डोळ्याला प्लस नंबर होता आणि तो वापरातच नसल्यानं आळशी पडला होता. आधी चष्मा, मग काही आठवड्यांनी चांगल्या डोळ्यावर रोज 2 तास पट्टी. सातव्या-आठव्या वर्षापर्यंत हे चांगलं जमते, पुढं अवघड होत जाते, म्हणून मी सहीसाठी तुमच्या दारी येतो.

आणि नंबर चष्म्यानं नाही वाढत हो. पोरगं उंचीनं वाढते तसा डोळाही लांब होते, मायनस नंबर त्यानं वाढते, चष्मा काढून ठेवला म्हणून थांबत नाही.

आमच्या तक्त्याचीही एक मर्यादा आहे, थोडा प्लस नंबर असला की पोरगं सगळ्या ओळी वाचून पास होते. म्हणून चिठ्ठीवर "ठीक" आलं तरी वाचताना डोकं दुखत असलं, एक डोळा तिरपा जात असला तर डॉक्टरकडे न्याच. ज्यांना आधीच चष्मा आहे त्यांच्या दप्तरात त्या दिवशी तो टाका, घरी विसरू नका, चष्मा लावूनच ओळी वाचून घ्यायच्या आहेत.