‘लग्न एकदाच होतं’ म्हणून पीएफ मोडायला निघालेल्यांसाठी

“लग्न आयुष्यात एकदाच होतं, बजेट बघू नका! १) पीएफ आपलाच पैसा, काढला तर व्याज द्यावं लागत नाही. २) कमी पडलं तर पर्सनल लोन घ्या, हप्ता पगारातून जातो, कळतही नाही. ३) दागिने बँकेत ठेवा, सोनं कुठे पळून जात नाही. ४) आहेरातून निम्मा खर्च निघतोच. मुलीच्या बापाला नक्की पाठवा.”

हा संदेश मुलीच्या बापाला, म्हणजे माझ्या मावशीच्या यजमानांना, नक्की पोहोचला. काकांनी दुसऱ्याच दिवशी पीएफच्या अर्जाविषयी विचारणा केली, म्हणून हे लिहिणे भाग पडले. मुद्दे मी माझ्या क्रमाने घेतो, कारण सर्वांत हास्यास्पद मुद्दा शेवटी आहे आणि बाकीचे सगळे त्याच्याच भरवशावर उभे आहेत.

आहेराचे गणित ज्याने लिहिले, त्याने आहेराची वही कधी उघडून पाहिलेली दिसत नाही. आमच्या तालुक्यात साध्या लग्नाच्या ताटाचा भाव सध्या ३२० रुपये सांगतात. चार माणसांचे कुटुंब जेवले की १,२८० रुपये झाले, आणि त्या कुटुंबाचे पाकीट असते २०१ किंवा ५०१ रुपयांचे. जवळचे नातेवाईक अधिक देतात हे खरे, पण त्यांना साडी-टॉवेल-टोपीचा परतीचा मानही करावा लागतो. काकांच्या पहिल्या यादीत ६०० माणसे होती, म्हणजे साधारण दीडशे ते दोनशे घरे. प्रत्येक घरामागे सरासरी ३०० रुपये धरले तरी ६० हजारांच्या वर रक्कम जात नाही, आणि नुसती ताटेच १ लाख ९२ हजारांची होतात. म्हणजे यादीत वाढणारे प्रत्येक घर खर्चात भरच घालते. शिवाय कार्यालयाची अनामत आणि आचाऱ्याची उचल कित्येक महिने आधी द्यावी लागते, पाकिटे मात्र लग्नाच्या दिवशी येतात. ती वहीत नावानिशी लिहिली जातात ती पुढे त्या-त्या घरच्या कार्यात फेडण्यासाठी, म्हणून त्यांना उत्पन्न म्हणणे मुळातच चुकीचे आहे.

हास्यास्पद मुद्दा तो असला, तरी घातक मुद्दा पीएफचा आहे. पैसा आपला आहे आणि काढल्यावर व्याज भरावे लागत नाही, हे अक्षरशः खरे आहे. परंतु त्यावर मिळणारे व्याज बंद होते, याविषयी संदेश गप्प आहे. काका ५० वर्षांचे आहेत. त्यांनी आज ३ लाख काढले नाहीत आणि सध्याचा ८.२५ टक्के दर तसाच राहिला असे धरले, तर ५८ व्या वर्षी त्याच रकमेचे सुमारे ५ लाख ६५ हजार होतात. दुसरी अडचण याहून मोठी आहे. लग्नासाठी काढलेली रक्कम परत न करण्याच्या अटीवरची असते. पुढे हातात पैसा आला तरी ती एकरकमी पुन्हा खात्यात भरता येत नाही, कारण या खात्यात पैसा पगारातूनच जातो. फार तर स्वेच्छेने दरमहा जास्त कपात करून घेता येते, आणि लग्नानंतरच्या वर्षात ते कितपत जमते, हे ज्यांच्या घरी लग्न होऊन गेले आहे त्यांना विचारावे.

‘आता नियम सोपे झालेत’ अशी पुस्ती कोणीतरी खाली जोडली होती, म्हणून मूळ नियमच सांगतो. १९५२ च्या भविष्य निर्वाह निधी योजनेतील परिच्छेद ६८-के नुसार स्वतःच्या, मुलामुलींच्या किंवा भावंडांच्या लग्नासाठी रक्कम काढायची तर सात वर्षांचे सभासदत्व लागे, आणि तेव्हाही कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या हिश्श्याच्या व त्यावरील व्याजाच्या निम्म्यापर्यंतच रक्कम मिळे. ऑक्टोबर २०२५ मध्ये कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ही मुदत १२ महिन्यांवर आणण्याचा निर्णय जाहीर केला, एवढा भाग पुस्ती जोडणाऱ्याने वाचला असावा. त्याच निर्णयात खात्यातील २५ टक्के रक्कम कायम शिल्लक राहिली पाहिजे, असेही आहे, आणि त्याचे कारण म्हणून सभासदाला चक्रवाढ व्याजाचा लाभ मिळून निवृत्तीसाठी चांगली रक्कम साठावी, असे दिले आहे. दार सैल करणाऱ्यांनाही कडी ठेवावीशी वाटली, एवढे लक्षात घ्यावे.

पर्सनल लोनविषयी फार लिहिण्यासारखे नाही. ३ लाख रुपये १४ टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ७ हजारांच्या आसपास बसतो आणि एकूण १ लाख १९ हजार व्याज जाते. ‘फ्लॅट’ दर, म्हणजे फेडून झालेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज लावणारा दर, सांगून आकडा लहान दाखवणारे भेटतात. त्यांना पाच वर्षांत एकूण किती भरायचे, एवढाच प्रश्न विचारावा. हप्ता कळत नाही म्हणणाऱ्याचा पगार मला माहीत नाही, काकांचा आहे.

सोन्याच्या मुद्द्यात अर्धे तथ्य आहे, हे नाइलाजाने मान्य करतो. तारणकर्जाचा दर बँकेत बहुधा पर्सनल लोनपेक्षा कमी असतो, आणि एखादी मुदत ठेव लग्नानंतर दोन महिन्यांनी पिकणार असेल, तर तेवढ्यापुरते ते चालते. मात्र मुद्दल आणि व्याज वर्षअखेर एकदम भरण्याच्या योजनेत बारा महिने काहीच न भरता निघून जातात आणि मग नोटीस येते. त्यानंतरही पैसे भरले नाहीत तर लिलाव होतो, म्हणजे सोने पळून जातेच.

आता काकांचा हिशेब. अंदाज साडेसात लाखांचा होता आणि त्यात ४० हजार वरखर्चाला धरलेले होते. लग्नासाठी म्हणूनच ठेवलेली ३ लाखांची ठेव आणि दहा महिने दरमहा १५ हजार, असे साडेचार लाख उभे राहत होते. आजारपणासाठीची ठेव आम्ही मोजलीच नाही. उरलेले ३ लाख पीएफमधून काढण्याऐवजी आधी यादी हातात घेतली, कारण ताटे, पाण्याच्या बाटल्या, पत्रिका आणि कार्यालयाचा आकार हे सगळे माणसांच्या संख्येवर हलते. बँडवाला आणि भटजी हलत नाहीत, त्यामुळे तिथे घासाघीस करून फारसे काही हाती लागत नाही. यादी ६०० वरून ३२५ वर आली आणि ताटांचे ८८ हजार वाचले. लहान कार्यालय पुरेसे झाल्याने भाडे व सजावट मिळून ७२ हजार कमी झाले. साखरपुडा लग्नाच्याच दिवशी सकाळी करायचे ठरल्याने वेगळ्या जेवणावळीचे ५० हजार टळले. मानपानाच्या साड्या दोन्हीकडून बंद केल्या, त्यात ४० हजार गेले नाहीत. व्याह्यांशी हे बोलायला मावशीला फार अवघड वाटत होते, पण त्यांनाही तेच हवे होते. शेवटच्या ५० हजारांसाठी मावशीच्या जुन्या पाटल्या मोडून मुलीचे मंगळसूत्र आणि बांगड्या करायला दिल्या आहेत.

एक गोष्ट अजून बाकी आहे. आचारी ठरावीक ताटांची हमी मागतो, आणि माणसे कमी आली तरी तेवढ्या ताटांचे पैसे द्यावे लागतात. काकांनी ३२५ ची हमी देऊ नये, २८० ची द्यावी आणि वरची ताटे त्याच भावाने मोजून घेण्याचे कागदावर लिहून घ्यावे, असे मी सुचवले आहे. जीएसटी भावात धरला आहे की वेगळा लागणार, हेही त्याच कागदावर आले पाहिजे.