वय मोजायचे ते कोणत्या दिवशी?

स्पर्धा परीक्षांच्या वयोमर्यादेबद्दल असा एक संदेश फिरतो : “फॉर्म भरण्याच्या दिवशी वय मर्यादेत असले की झाले. चालू वर्षातून जन्मवर्ष वजा करा; ३२ आले तर अपात्र. तारीख आडवी आलीच, तर आधार दुरुस्त करून घ्या.”

यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेची २०२४ ची अधिसूचना हाताशी ठेवून पाहिले, तर यातले पहिलेच वाक्य टिकत नाही. अर्ज फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले गेले, पण वय १ ऑगस्ट २०२४ रोजीचे धरायचे होते : त्या दिवशी २१ वर्षे पूर्ण झालेली असावीत आणि ३२ पूर्ण झालेली नसावीत. २० जुलै २००३ रोजी जन्मलेली मुलगी अर्ज भरताना २० वर्षांची होती, तरी ती पात्र होती. १ ऑगस्ट १९९२ चा उमेदवार मात्र अर्जाच्या दिवशी ३१ वर्षांचा असूनही खुल्या गटात अपात्र ठरत होता. अशा मुलीने संदेश वाचून अर्जच भरला नाही, तर तिचा एक प्रयत्न विनाकारण हुकतो, आणि मला याचेच अधिक वाईट वाटते.

वर्षांच्या वजाबाकीत महिना आणि दिवस गळून पडतात. २ ऑगस्ट १९९२ हा जन्मदिनांक घेतला, तर वजाबाकी ३२ येते, पण १ ऑगस्ट २०२४ रोजी वय ३१ वर्षे, ११ महिने, ३० दिवस भरते आणि उमेदवार पात्र ठरतो. एक्सेलमध्ये पूर्ण झालेली वर्षे अशी मिळतात :

```
=DATEDIF(DATE(1992,8,2),DATE(2024,8,1),"y")
```

उत्तर ३१ येते. तरीही सीमेवरच्या उमेदवाराने केवळ या आकड्यावर विसंबू नये. राजस्थानातील एका भरतीच्या प्रकरणात २ जानेवारी १९५६ रोजी जन्मलेल्या उमेदवाराची २८ वर्षे १ जानेवारी १९८४ हा दिवस संपतानाच पूर्ण झाली, म्हणजे वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये धरले आणि १ जानेवारी १९८४ रोजी २८ पूर्ण झालेली नसावीत या तिथल्या नियमानुसार तो अपात्र ठरला. यूपीएससीच्या अधिसूचनेत ही शंका राहत नाही, कारण तिथे वयासोबत जन्मदिनांकच छापलेले असतात. २०२४ मध्ये ते असे होते : २ ऑगस्ट १९९२ पूर्वीचा नको, १ ऑगस्ट २००३ नंतरचा नको. आपली तारीख आपल्या वर्षाच्या अधिसूचनेतल्या अशा दोन तारखांशी ताडून पाहावी. सवलत असेल, तर फक्त पहिली तारीख मागे सरकते. इतर मागासवर्गासाठी ३ वर्षांनी, म्हणजे २०२४ मध्ये २ ऑगस्ट १९८९ पर्यंत.

आधारचा सल्ला तर घातकच आहे, कारण आयोग जन्मदिनांक मानतो तो दहावीच्या किंवा समकक्ष प्रमाणपत्रावरचा, आणि एकदा नोंदवलेला जन्मदिनांक नंतर बदलण्याची विनंती तो स्वीकारत नाही. अर्जात आधारवरची वेगळी तारीख टाकली, तर ती विसंगती पुढे कागदपत्रांच्या पडताळणीत उघडी पडते. म्हणून अर्ज उघडण्यापूर्वी दहावीचे प्रमाणपत्र समोर ठेवावे आणि त्यावरची तारीख जशीच्या तशी उतरवावी.